छापील पिशव्यांचं कोटेशन, प्रूफची मंजुरी आणि काम कधी सुरू करायचं

दुसऱ्याचं नाव छापलेली पिशवी परत घेता येत नाही, आणि घेतली तरी ती तिसऱ्या कुणाला विकता येत नाही. या धंद्यातली कोटेशन देण्याची पद्धत, प्रूफ, म्हणजे छापण्याआधी ग्राहकाने तपासायचं पान, मंजूर करून घेण्याचा आग्रह आणि मंजुरीआधी मशीन न लावण्याचा हट्ट, सगळं या एका अडचणीतून आलेलं आहे. नवीन माणूस बहुतेक वेळा कोटेशनमध्ये भाव लिहितो, प्रूफ म्हणून एक चित्र पाठवतो, समोरून अंगठा दाखवणारी इमोजी आली की काम सुरू करतो, आणि मग अडकतो. खाली एकच ऑर्डर सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेली आहे: कापडी पिशव्या, एका बाजूला स्क्रीन प्रिंटिंगने लोगो, ३०० नग. टी-शर्ट, मग किंवा डायरी असेल तर तपशील बदलतील, क्रम हाच राहील.

भाव सांगण्याआधी काय विचारायचं

चौकशी साधारण अशी येते: "दोन रंगांचा लोगो आहे, ३०० पिशव्या, काय पडेल?" एवढ्यावर भाव सांगायचा नाही. निदान पाच गोष्टी हातात हव्यात: पिशवीचा आकार आणि कापडाचा रंग, छपाई किती रुंद आणि किती उंच, छापायचे रंग किती, माल कोणत्या तारखेला हातात हवा, आणि आर्टवर्कची फाइल. शेवटची गोष्ट लोक "नंतर पाठवतो" म्हणून टाळतात. फाइल न बघता भाव द्यावाच लागला, तर "आर्टवर्क पाहिल्यावर भाव पक्का होईल" ही ओळ कोटेशनमध्ये घाला.

फाइल आली की उघडून बघा. वेक्टर असेल, म्हणजे ओढून कितीही मोठी केली तरी कडा स्वच्छ राहत असतील, तर उत्तम. नुसतं चित्र असेल तर छपाईच्या आकाराला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, बसतं का ते मोजा. आपल्या उदाहरणात लोगो २२ सेंटिमीटर रुंद छापायचा आहे. त्यासाठी सुमारे २६०० पिक्सेल रुंदीचं चित्र लागतं. वेबसाइटवरून उचललेला ४०० पिक्सेलचा लोगो त्याच रुंदीला ताणला की जेमतेम ४६ डीपीआय भरतो आणि कडा दातेरी होतात. अशा वेळी लोगो नव्याने रेखाटावा लागतो. ते कामच आहे, म्हणून कोटेशनमध्ये त्याची वेगळी ओळ हवी. पहिल्याच ऑर्डरला ते फुकटात केलं तर पुढच्या प्रत्येक ऑर्डरला फुकट करावं लागतं.

"दोन रंग" म्हणजे किती स्क्रीन

नवख्यांचा सगळ्यात जास्त तोटा इथे होतो. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाची स्वतंत्र स्क्रीन असते: फिल्म काढा, जाळीवर इमल्शन लावा, एक्स्पोज करा, धुवा, मशीनवर बसवून एकमेकींशी जुळवा. हा खर्च एक पिशवी छापा नाहीतर हजार, तेवढाच असतो.

आपला लोगो केशरी आणि हिरवा आहे. कोऱ्या, पांढरट कापडावर त्याला दोन स्क्रीन पुरतात. आता ग्राहकाने नेव्ही ब्लू पिशव्या निवडल्या असं धरा. गडद कापडावर केशरी थेट छापला तर तो मळकट, विटकरी दिसतो, हिरवा जवळपास गायब होतो. म्हणून खाली पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो. त्याला अंडरबेस म्हणतात. तो थर उष्णतेने थोडा सुकवून मगच वरचे रंग चढवता येतात. ग्राहकाच्या लेखी लोगो अजून दोनच रंगांचा आहे; तुमच्या लेखी स्क्रीन तीन झाल्या आणि मध्ये सुकवण्याची एक पायरी वाढली.

यातला फरक आकड्यांत बघू. चलन कोणतंही धरा, हे नुसते एकक आहेत आणि भाव तुमचे तुम्ही घालायचे. एका स्क्रीनचा आणि ती बसवण्याचा खर्च ८०, आर्टवर्क तयार करण्याचा ८०, एका पिशवीवर एक रंग मारण्याचे १.५, पॅकिंगचा १.

पांढरट पिशवी १० ला पडते. दोन रंगांचे ३, पॅकिंगचा १, म्हणजे नगामागे १४. ३०० नगांचे ४२००. छपाईत खराब होतील म्हणून ९ पिशव्या जास्त घ्यायच्या, त्यांचे ९०. दोन स्क्रीन आणि आर्टवर्क मिळून २४०. एकूण ४५३०, म्हणजे नगामागे १५.१०.

नेव्ही पिशवी ११ ला पडते. तीन थरांचे ४.५, मधल्या सुकवणीचे ०.५, पॅकिंगचा १, म्हणजे नगामागे १७. ३०० नगांचे ५१००, जास्तीच्या ९ पिशव्यांचे ९९, तीन स्क्रीन आणि आर्टवर्कचे ३२०. एकूण ५५१९, नगामागे सुमारे १८.४०.

पिशवीच्या खरेदीत फक्त १ चा फरक होता, पण तुमचा खर्च जवळपास २२ टक्क्यांनी चढला. हा खर्च आहे, नफा यावर लावायचा आहे. म्हणून कोटेशनमध्ये "२ रंग" एवढंच लिहू नका. "नेव्ही पिशवीवर केशरी व हिरवा, खाली पांढरा अंडरबेस, एकूण ३ स्क्रीन" असं लिहा. उद्या ग्राहकाने पिशवीचा रंग बदलला तर भाव का बदलला हे तोंडी समजावत बसावं लागत नाही.

याच हिशोबातून दुसरी एक गोष्ट कळते. पांढरट पिशवीच्या फक्त १०० नगांना ५ जादा धरून खर्च १६९० येतो, म्हणजे नगामागे १६.९०. हजाराला ३० जादा धरून तोच १४.५४ वर येतो. ग्राहक "३०० चाच भाव १०० ला द्या" म्हणतो तेव्हा स्क्रीनचा आणि आर्टवर्कचा खर्च कुणी भरायचा, हा खरा प्रश्न असतो. तो वेगळ्या ओळीत दाखवला असेल तर ही घासाघीस निम्म्याने कमी होते. काही जण सगळं नगाच्या भावात मिसळून देतात. मोठ्या, नेहमीच्या ग्राहकाला ते चालतं. नव्याला वेगळं दाखवणंच बरं.

कोटेशनमध्ये लिहायच्या ओळी

नग, आकार, कापड, छपाईची जागा आणि माप, स्क्रीन, एकवेळचे खर्च आणि नगाचा भाव हे झालंच. त्याखेरीज चार अटी मला अत्यावश्यक वाटतात, आणि त्या बारीक अक्षरांत तळाशी नकोत.

पहिली, प्रूफचे किती फेरे भावात धरलेत. दोन फेरे पुरेसे असतात. तिसऱ्यापासून वेगळे पैसे लागतील, असं आधी लिहिलेलं असलं की ग्राहक चार बदल एकदम कळवतो, रोज एक नाही.

दुसरी, नगांची तूट-वाढ. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये काही नग वाया जातातच. "३०० च्या ५ टक्के कमी-जास्त, बिल प्रत्यक्ष नगांचं" असं लिहा, किंवा ग्राहकाला ३०० हून एकही कमी चालणार नसेल तर तसं लिहून जादा पिशव्या तुमच्या खर्चात धरा. न लिहिलेल्या तुटीवरून भांडण ठरलेलं.

तिसरी, कोटेशनची मुदत. कोऱ्या पिशव्यांचा भाव आणि साठा तुमच्या हातात नसतो. पंधरा दिवसांची मुदत द्या.

चौथी, आणि सगळ्यात महत्त्वाची: उत्पादनाचे दिवस कुठून मोजायचे. "८ दिवसांत माल" असं कधीच लिहू नका. "प्रूफची लेखी मंजुरी आणि आगाऊ रक्कम, यांतलं जे नंतर मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ८ कामाचे दिवस. दुपारी १२ नंतर आलेली मंजुरी पुढच्या दिवसाची धरली जाईल." ओळ लांब आहे, पण तशीच ठेवा.

तारीख उलटी मोजून दाखवा

ग्राहकाला २८ तारखेला, सोमवारी, पिशव्या हातात हव्यात. माल शुक्रवारी २५ ला निघाला तर सोमवारी पोहोचतो. आठवड्याचे पाच दिवस काम धरलं तर आठ दिवसांचं उत्पादन बुधवारी १६ ला सुरू व्हायला हवं, म्हणजे मंजुरी मंगळवारी १५ ला दुपारी १२ च्या आत. प्रूफ बनवायला २ दिवस, ग्राहकाने बघायला २, दुरुस्तीला १, पुन्हा बघायला १, असे सहा कामाचे दिवस मागे गेलं की आर्टवर्क सोमवारी ७ ला हातात असायला हवं. प्रत्यक्ष कापडावर छापलेला नमुना हवा असेल तर त्याआधी आणखी तीन-चार दिवस.

ग्राहकाच्या डोक्यात मात्र "आठ दिवस लागतात म्हणाले" एवढंच राहिलेलं असतं आणि तो १८ तारखेला निवांतपणे फाइल पाठवतो. म्हणून ७ आणि १५ या दोन्ही तारखा कोटेशनमध्येच लिहून द्या. सोबत हेही सांगा, की मंजुरी एक दिवस उशिरा आली तर माल एकच दिवस उशिरा जाईल असं नाही. मशीनवरची ठरलेली पाळी गेली की तिथे दुसऱ्याचं काम लागतं.

प्रूफ म्हणजे काय, आणि काय नाही

पिशवीच्या फोटोवर लोगो चिकटवून बनवलेलं देखणं चित्र हा मॉकअप. तो विक्रीसाठी ठीक आहे. त्यात माप नसतं, शाईचा क्रमांक नसतो, अंडरबेस नसतो. ग्राहकाने मॉकअपला "मस्त!" म्हटलं ही मंजुरी नव्हे. गैरसमज टाळायला मॉकअपवर ठळक लिहा: "फक्त कल्पनेसाठी, प्रूफ नाही."

प्रूफ ही कामाची कागदपत्रं आहेत. एका पानाची पीडीएफ पुरते, पण तिच्यात एवढं दिसलंच पाहिजे: कोटेशन क्रमांक, प्रूफची आवृत्ती आणि तारीख, पिशवीचं माप, कापडाचा रंग, लोगोची रुंदी-उंची मिलिमीटरमध्ये, वरच्या कडेपासून आणि दोन्ही बाजूंपासूनचं अंतर, प्रत्येक शाईचं नाव आणि पँटोन क्रमांक, म्हणजे पँटोनच्या रंगांच्या पुस्तकातला त्या रंगाचा क्रमांक, उदाहरणार्थ Pantone 348 C, आणि नग. लोगो खऱ्या आकारात दाखवलेला असेल तर आणखी चांगलं, कारण ग्राहक छापून पिशवीवर ठेवून बघू शकतो. त्यासाठी "१०० टक्के आकारात छापा" अशी सूचना हवी. नाहीतर प्रिंटर पानात बसवायला चित्र लहान करतो आणि ग्राहक म्हणतो लोगो छोटा आहे.

आता ते पान भरताना तुम्ही स्वतः काय तपासायचं ते बघू. हँडल जिथे शिवलेलं असतं तिथे कापडाचे तीन-चार थर आणि चौकोनी टाके असतात. छपाईची जागा त्याच्या फार जवळ आली तर स्क्रीन तिथे सपाट टेकत नाही, शाई पसरते आणि लोगोची वरची कड भुरकट येते. कोरी पिशवी टेबलावर ठेवून टाक्यांखालून मोजा. पुरवठादाराच्या कॅटलॉगमधल्या मापावर विसंबू नका. तळाच्या आणि बाजूच्या शिवणींनाही हेच लागू.

बारीक रेषा बघा. कापडावर ०.३५ मिलिमीटरहून बारीक रेष तुटक येते. रंगात कोरलेली, म्हणजे आतून कापड दिसायला हवं अशी रेष भरून जाते, तिला याहून बरीच जाड ठेवावी लागते. देवनागरी मजकूर असेल तर धोका दुप्पट. अनुस्वाराचा टिंब, रफार, उकाराचं पोट, "क्ष" आणि "द्ध" मधल्या पोकळ्या आधी बुजतात. रोमन अक्षरं ज्या आकारात छान येतात त्याच आकारात त्यांच्या शेजारचा मराठी पत्ता वाचता येत नाही.

शिवाय फॉन्ट आउटलाइन केलेले, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार बनवलेले, आहेत का ते पाहा. तुमच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल किंवा डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये भारतीय लिपींसाठीचा कंपोझर चालू नसेल, तर जोडाक्षरं सुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. घाईत बघणाऱ्याला हे चटकन दिसत नाही, कारण डोळा शब्द ओळखीचा म्हणून पुढे सरकतो. आउटलाइन करण्याआधीची आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून अक्षर न अक्षर ताडून बघा.

अंडरबेस वरच्या रंगापेक्षा किंचित आत ओढलेला हवा, साधारण ०.३ मिलिमीटर. दोन्ही नेमके एकाच मापाचे ठेवले आणि स्क्रीन केसभर सरकली तर केशरीच्या कडेला पांढरी रेघ डोकावते.

रंगाबद्दल ग्राहकाला स्पष्ट शब्दांत सांगा. पडद्यावर दिसणारा केशरी प्रत्येक मोबाइलवर वेगळा असतो. त्यातून पँटोनच्या क्रमांकापुढचं C हे गुळगुळीत, कोटेड कागदावरच्या रंगासाठी आहे, कापडावर तोच रंग थोडा दबतो. पीडीएफवरून मजकूर, माप आणि जागा मंजूर करता येते, रंग नाही. रंगाबाबत काटेकोर असलेल्या ग्राहकाला खऱ्या पिशवीवर खऱ्या स्क्रीनने छापलेला नमुना घ्यायला सांगा आणि त्याचे पैसे लावा, कारण त्या एका नगासाठी तिन्ही स्क्रीन बनवाव्याच लागतात.

मंजुरी कशी घ्यायची

मंजुरी एकाच माणसाने द्यायची, आणि तो कोण हे कोटेशनच्या वेळीच विचारून ठेवायचं. मार्केटिंगवाल्याने "ओके" म्हणावं आणि छपाई झाल्यावर साहेबांनी फोन नंबर बदलायला सांगावा, हे नेहमीचं आहे.

नुसतं "ओके" घेऊ नका. तीन आवृत्त्या पाठवून झालेल्या असतात आणि ते "ओके" कुठल्या आवृत्तीला होतं हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. उत्तराचा मजकूर तुम्हीच लिहून द्या, ग्राहकाने तो परत पाठवायचा:

"कोटेशन क्र. ११४, प्रूफ आवृत्ती ३ तपासलं. मजकूर, अंक, माप, जागा आणि शाईचे क्रमांक बरोबर आहेत. नेव्ही पिशव्या, ३०० नग. उत्पादन सुरू करावं."

प्रूफसोबत "काय बघायचं" हेही दोन ओळींत लिहा: फोन नंबर एकेक आकडा वाचून बघा, वेब पत्ता टाइप करून उघडा, क्यूआर कोड असेल तर मोबाइलने स्कॅन करा. कोड छापील आकारात कागदावर काढून स्कॅन केला तरच त्या तपासणीला अर्थ आहे.

"मंजूर, फक्त लोगो जरा वर घ्या" असं उत्तर आलं तर ती मंजुरी नाही. कितीही किरकोळ बदल असला तरी आवृत्ती ४ बनवा, ती पाठवा, तिच्यावर मंजुरी घ्या. "जरा वर" म्हणजे तुमच्यासाठी १ सेंटिमीटर आणि त्याच्यासाठी ४ असू शकतं. उत्तरच आलं नाही तर तीही मंजुरी नाही. एकदा आठवण करा, १५ तारीख का महत्त्वाची आहे ते पुन्हा सांगा, आणि थांबा.

मंजुरीनंतर

मंजूर आवृत्तीची फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि जुन्या आवृत्त्या कामाच्या फोल्डरमधून हलवा. फिल्म चुकून आवृत्ती २ ची निघणं हा प्रकार वाटतो तितका दुर्मीळ नाही. जॉब कार्डला मंजूर प्रूफची छापील प्रत जोडा. मशीनवरच्या माणसाने ईमेल शोधत बसायचं नाही.

पहिली पिशवी निघाली की मशीन थांबवून ती प्रूफशेजारी ठेवायची. मोजपट्टीने अंतर मोजायचं, पँटोनच्या पुस्तकाशी रंग ताडायचा, कडेला पांढरं डोकावतंय का बघायचं. मग त्या पिशवीवर सही करून ती मशीनजवळ टांगायची. पुढच्या पिशव्या तिच्याशी ताडायच्या. शंभरेक नगांनंतर जाळीची बारीक भोकं शाईने भरू लागतात आणि लहान अक्षरं आधी झिजतात, म्हणून मधूनमधून त्याच कोपऱ्याकडे बघत राहायचं. शाई पक्की भाजली गेली की नाही हे कळायला छपाई बोटांनी ताणून बघतात. तडे गेले तर ओव्हनचं तापमान किंवा वेळ कमी पडलाय.

मंजुरीनंतर ग्राहकाला बदल हवाच असेल तर काम कुठवर आलंय ते बघून उत्तर द्या. स्क्रीन बनल्या नसतील तर फक्त प्रूफचा नवा फेरा आणि नवी तारीख. स्क्रीन झाल्या असतील तर ज्या रंगात बदल आहे त्या स्क्रीनचा खर्च. अंडरबेसलाही हात लागला तर दोन स्क्रीन धरा. छपाई झाली असेल तर त्या पिशव्या त्याच्याच. हे तिन्ही टप्पे कोटेशनच्या अटींत आधीच लिहिलेले असतील तर फोनवर फक्त क्रमांक सांगावा लागतो. चूक प्रूफमध्ये दिसत होती आणि मंजूर झाली, तर ती ग्राहकाची. माल प्रूफहून वेगळा छापला गेला, तर पुन्हा छापून देणं तुमच्यावर, आणि तिथे वाद घालू नये.

सहा महिन्यांनी तोच ग्राहक "मागच्यासारख्याच २०० पाठवा" म्हणेल. स्क्रीन तोवर धुऊन दुसऱ्या कामाला गेलेल्या असतात, त्यामुळे त्यांचा खर्च पुन्हा लागतो, आर्टवर्कचा नाही. प्रूफ आवृत्ती ३ तारखेसकट पुन्हा पाठवा आणि त्याच मजकुरात मंजुरी घ्या. मधल्या काळात त्यांचा फोन नंबर बदललेला असू शकतो.